मनगटाच्या उंचीपर्यंत

कुत्र्याने अडथळे पार करण्याचा खेळ आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिलेला असतो तो पोलिसांच्या श्वान पथकाच्या प्रात्यक्षिकात. डोबरमन किंवा लॅब्राडॉर फळ्यांच्या भिंतीवरून झेपावतो, कड्यातून आरपार जातो आणि टाळ्या पडतात त्या उडीच्या उंचीला. त्यामुळे घरात पिल्लू आलं आणि त्याला असं काही शिकवावंसं वाटलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा किती उंच उडी मारेल? हे पुस्तक तो प्रश्न बाजूला ठेवून सुरू होतं. वाढत्या वयाच्या कुत्र्यासाठी आडवी नळी त्याच्या पुढच्या पायाच्या मनगटापेक्षा वर जाऊ द्यायची नाही, ही या पुस्तकाची मुख्य भूमिका आहे. तेवढ्या उंचीत वर्षभर शिकवण्याजोगं काय काय असतं, ते पुढच्या पानांत येईल.

एजिलिटी या खेळाचा जन्मच मुळात मधली वेळ भरून काढण्यासाठी झाला. लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात 1978 साली क्रफ्ट्स हे मोठं श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य कार्यक्रमांच्या मधे प्रेक्षकांना धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. आयोजकांपैकी जॉन वार्ली यांना घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धा ठाऊक होत्या. त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरलं आणि तसाच मार्ग कुत्र्यांसाठी उभा केला. प्रेक्षकांनी तो उचलून धरला. दोनच वर्षांत, म्हणजे 1980 मध्ये, ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली आणि 1996 पासून आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ, म्हणजे एफसीआय, त्याची जागतिक स्पर्धा घेऊ लागला. आपल्या देशात श्वानप्रदर्शनं जुनी आहेत, पण त्यांचा भर राहिला जातीच्या ठेवणीवर : कान कसे, पाठ कशी, चाल कशी. एजिलिटी मोठ्या शहरांतल्या थोड्या हौशी मंडळांपुरतीच राहिली. हे पुस्तक जिथे घडतं त्या कुपवाडसारख्या ठिकाणी ती शिकायची तर अजून आपलं अंगण आणि आपलं सामान हेच खरं.

घोड्यांच्या खेळातून आल्यामुळे सुरुवातीला उडी हाच तिचा कणा होता. पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मात्र खेळ हळूहळू जमिनीकडे सरकत गेला आहे. आज स्पर्धा जिंकली जाते ती दोन अडथळ्यांमधल्या रेषेवर. कुत्रा वळण किती आवळून घेतो, कोणत्या पायावर उतरतो, माणसाच्या खांद्याची दिशा किती लवकर वाचतो, यावर सेकंदाचे अंश ठरतात. या वाचण्याभोवतीच खेळातली घराणी उभी राहिली. फिनलंडमधून पुढे आलेली वनमाइंड डॉग्ज ही पद्धत सांगते, की कुत्रा शब्दांच्या आधी आपली नजर, छाती आणि पावलं पाहतो, म्हणून शिकायचं आधी माणसाने. कॅनडाच्या सुझन गॅरेट यांनी उभ्या काठ्यांमधून नागमोडी पळण्याची शिकवण दोन-दोन काठ्यांच्या तुकड्यांत मांडली. उतरत्या फळीच्या टोकाशी रंगवलेल्या भागाला कुत्र्याचा पाय लागलाच पाहिजे, असा नियम आहे. तो पाळायला एक पंथ कुत्र्याला मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर ठेवून थांबायला शिकवतो. स्लोव्हेनियाच्या सिल्व्हिया तर्कमान यांच्यामुळे गाजलेला दुसरा पंथ त्याला न थांबता पळत उतरवतो. अमेरिकेत सुझन सालो यांनी उडीकडेच वेगळ्या नजरेने पाहिलं. उडी आपोआप येते असं धरून न चालता, ठरावीक अंतरावर ठेवलेल्या बुटक्या नळ्यांवरून कुत्र्याला आपलं शरीर गोळा करायला शिकवावं, ही त्यांची दिशा. या पुस्तकावर सर्वांत जास्त ऋण याच विचाराचं आहे, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी तो सर्वांत उपयोगाचा आहे, कारण त्याला उंची लागतच नाही.

सुरक्षिततेची जाणही याच काळात वाढली. टोकाला कापडी पिशवी असलेला बोगदा, ज्यातून कुत्र्याला डोक्याने कापड उचलत बाहेर यावं लागे, अमेरिकन केनेल क्लबने 2016 मध्ये बंद केला, कारण कुत्री त्यात गुरफटत होती. टायरमधून उडीच्या अडथळ्यात आता धडक बसली की उघडणारा टायर वापरतात. एफसीआयच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला प्रवेशच नाही. नियमपुस्तक जे स्पर्धकाला सांगतं, तेच अंगणातल्या पिल्लालाही लागू आहे, पण अंगणात पंच नसतो.

अठरा महिने का, हे हाडांत पाहिलं की कळतं. लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी तिथेच वाढते. वाढ संपली की पट्टीचं हाड होतं आणि ती मिटते. तोवर ती सांध्याच्या आजूबाजूच्या स्नायुबंधांपेक्षाही कमकुवत असते. म्हणून ज्या धक्क्याने मोठ्या कुत्र्याचा पाय मुरगळून चार दिवसांत बरा होईल, त्याच धक्क्याने पिल्लाची ही पट्टी चेपू शकते. कोपर ते मनगट या भागात दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात. त्यातल्या मागच्या हाडाची मनगटाजवळची पट्टी शंकूच्या आकाराची असते आणि धक्का तिला जास्त लागतो. ती वेळेआधी मिटली तर ते हाड आखूड राहतं, शेजारचं वाढतच राहतं आणि धनुष्यासारखं वाकतं. पाय बाहेरच्या बाजूला वळतो आणि कोपराचा सांधा बिघडतो. दुखापत झाली त्या दिवशी बाहेरून फारसं दिसत नाही. वाकडेपण काही आठवड्यांनी लक्षात येतं, तेव्हा उपाय उरतो तो शस्त्रक्रियेचा.

लहान चणीच्या कुत्र्यांत या पट्ट्या साधारण आठ-दहा महिन्यांत मिटतात. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड यांच्यासारख्यांत वर्ष-सव्वा वर्ष लागतं आणि उंच, लांब पायांच्या जातींत दीड वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. लवकर नसबंदी केली असेल तर पट्ट्या आणखी उशिरा मिटतात, ही गोष्ट मालकांना सहसा कुणी सांगत नाही. उडी मारून उतरताना पुढच्या पायांवर शरीराच्या वजनाच्या चौपटीहून जास्त भार मोजला गेला आहे. उंची वाढली की उतरण्याचा कोन अधिक उभा होत जातो आणि हा भार खांदा आणि मनगट यांच्यावर एकवटतो.

इथे एक गैरसमज उलट बाजूनेही होतो. सांधे जपायचे म्हणून पिल्लाला साखळीला बांधून ठेवणारे लोक मला भेटतात, आणि त्यांच्या हातून नकळत नुकसान होतं. नॉर्वेत मोठ्या चणीच्या चार जातींच्या पिल्लांवर झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मापासून पहिल्या तीन महिन्यांत रोज जिन्याची चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला. ज्यांना त्याच वयात मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडायला मिळालं, त्यांच्यात तो कमी आढळला. म्हणजे हालचाल वाईट नाही. निसरडेपणा, एकाच प्रकारची पुनरावृत्ती आणि वरून खाली आदळणं, या तीन गोष्टी टाळायच्या. पुस्तकातला प्रत्येक अडथळा या तीन कसोट्यांवर तपासलेला आहे.

कुपवाडमध्ये या कसोट्या जमिनीपासूनच लागू होतात. नव्या वसाहतींतले मोकळे प्लॉट बहुधा मुरमाचे असतात. वरून सपाट दिसतात, पण उतरणाऱ्या पायाला तो मार दगडाइतकाच लागतो आणि खड्यांनी तळवे सोलतात. काळ्या रानात नांगरटीनंतर ढेकळं असतात, त्यांत मनगट मुरगळतं. पावसाळ्यात तीच माती पायाला गोळे करून चिकटते. घरातली गुळगुळीत फरशी तर पळण्यासाठी बादच. उरते ती हिरवळीची किंवा कुळव फिरवून भुसभुशीत केलेली, ढेकळं फोडलेली जागा. ती बारा-पंधरा मीटर लांब मिळाली तरी या पुस्तकाचं काम भागतं. उन्हाळ्यात सराव ऊन चढायच्या आत संपलेला हवा. हाताची पालथी बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद सहज टेकवता येत नसेल, तर तिथे कुत्र्याला पळवू नये.

सामानाच्या बाबतीतही गावाचं रूप दिसतं. कुपवाडची एमआयडीसी जवळ असल्यामुळे प्लास्टिकचे मोठे पिंप स्वस्तात मिळतात, आणि दोन्ही तोंडं कापून त्याचा बोगदा करावा असं कुणालाही सुचेल. लेखकाने याला स्पष्ट नकार दिला आहे आणि तो मला पटतो. त्या पिंपात आधी कोणतं रसायन होतं हे विकणाऱ्यालाही नक्की माहीत नसतं, कापलेली कड धारदार राहते आणि आतला पृष्ठभाग निसरडा असतो. याउलट पाऊण इंची पीव्हीसी नळी, प्लास्टिकच्या कुंड्या, जाजम, जुनी साडी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि घरातला जेवायचा पाट, एवढ्यात सगळं उभं राहतं.

पुस्तकभर जी कुत्री आपल्यासोबत चालते ती कारवानी आहे, नाव तांबी, सुरुवातीला वय आठ महिने. ही निवड मुद्दाम केलेली आहे. मिरजेहून अथणी-जमखंडीच्या वाटेने गेलं की मुधोळ लागतं, आणि त्या पट्ट्यातली ही लांब पायांची, खोल छातीची कुत्री आपल्या भागात पूर्वीपासून पाळली जातात. उघड्या माळावर सरळ रेषेत भरधाव पळण्यासाठी ही जात घडलेली आहे. एजिलिटीची परदेशी पुस्तकं बॉर्डर कॉलीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. ते मेंढपाळी कुत्रं जागच्या जागी वळतं आणि तेच काम वीस वेळा आनंदाने करतं. कारवानी रुंद वळते, वेग फार लवकर घेते आणि चौथ्या वेळेला कंटाळते. अंगावर चरबी नसल्याने तिची सांध्यांवरची आणि हाडांच्या टोकांवरची कातडी कठीण जमिनीवर लगेच खरचटते. तिच्यासाठी आखलेला सराव लॅब्राडॉरला किंवा गावठी कुत्र्याला चालतो. उलट नेहमी चालेलच असं नाही.

तांबीची खांद्यापाशी उंची 61 सेंटिमीटर, कोपर 32 वर आणि मनगट 13 वर. पहिल्या कामात उडी नाहीच. चार नळ्या जमिनीवर आडव्या, एकमेकींपासून साधारण तिच्या खांद्याच्या उंचीइतक्या, म्हणजे 60 सेंटिमीटर अंतरावर. नळ्या गडगडू नयेत म्हणून टोकांना मातीची ढेकळं लावलेली. पट्टा सैल धरून तिला दुडक्या चालीने त्यांवरून न्यायचं. बरोबर जमलं की दर दोन नळ्यांमध्ये एकेक पाऊल पडतं, डोकं खाली राहतं आणि पाठ सैल लहरते. ती मधे दोन पावलं टाकत असेल तर अंतर जास्त आहे. दोन नळ्या एकदम ओलांडत असेल किंवा सशासारखे मागचे दोन्ही पाय जोडून उचलत असेल, तर आधी वेग कमी करायचा आणि मग अंतर पाच-पाच सेंटिमीटरने वाढवून पाहायचं. या एका व्यायामातून कुत्र्याला आपल्याला मागचे पाय आहेत हे कळतं. पिल्लांना ते खरोखरच कळलेलं नसतं. पुढचे पाय जिथे जातात तिथे मागचे ओढत नेले जातात, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

याच्या जोडीला पाट. पुढचे दोन पाय पाटावर आणि मागच्या पायांनी पाटाभोवती हळूहळू फिरणं, दोन्ही दिशांनी. पुढे उतरत्या फळीच्या टोकाशी जे थांबणं शिकवायचं, त्याचा पाया इथेच, सपाट जमिनीवर, घातला जातो. उतारावर असं थांबताना सगळं वजन खांद्यांवर येतं, म्हणून वाढत्या कुत्र्याला ते उतारावर करायला लावायचं नाही. पाटाची वरची बाजू गुळगुळीत असेल तर वाळू मिसळलेल्या रंगाचा एक हात द्यायचा किंवा गोणपाट ठोकून घ्यायचं.

मग येते नळी. साधारण 10 सेंटिमीटर उंचीच्या दोन कुंड्या पालथ्या घालून त्यांवर नळी नुसती टेकवायची, बांधायची नाही. पाय लागला की ती दोन्ही बाजूंना सहज पडली पाहिजे. विटांवर ठेवलेली नळी पडते, पण विटेच्या कडेवर नडगी आपटते, म्हणून विटा नकोत. बक्षीस कुठे द्यायचं, हा भाग लेखकाने जवळून दाखवला आहे. मालक नळीच्या पलीकडे उभा राहून तुकडा हातात उंच धरतो, तेव्हा कुत्रा वर पाहत उडतो, पाठ पोकळ होते आणि मागचे पाय नळीला लागतात. तोच तुकडा नळीपासून दोन मीटर पुढे जमिनीवर ठेवलेल्या ताटलीत असेल, तर मान खाली जाते, पाठ कमानीसारखी गोल होते आणि उतरणं सपाट होतं. तांबीच्या बाबतीत दोन नळ्यांमध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवलं आहे, कारण तिला वेग आवरायला जागा लागते. एका सरावात दोन्ही नळ्या मिळून आठ-दहा वेळा ओलांडणं, आठवड्यातून तीन दिवस, आणि दोन सरावांच्या मधे किमान एक दिवस मोकळा. दिलेले तुकडे दिवसाच्या अन्नातून वजा करायचे. लॅब्राडॉरवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2002 मध्ये आले, चौथाई कमी खाणं मिळालेल्या कुत्र्यांना सांध्यांचा ऱ्हास उशिरा आणि कमी झाला, शिवाय ती सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. वजन ही सांध्यांची पहिली मर्यादा आहे, उंची दुसरी.

बोगदा साडीचा. मुलांच्या खेळण्यातला बोगदा कारवानीला अरुंद पडतो. ती गुडघे मोडून सरपटते आणि पाठ घासते. त्याऐवजी खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर पाऊण मीटर अंतरावर, वरून साडी ताणून बांधलेली, खाली जाजम. सुरुवातीला एकाच जोडीचा, आरपार दिसणारा. वळणाचा बोगदा नंतर, आणि तोही रुंद.

सराव चुकतो आहे हे कुत्रा सांगतो, पण शब्दांत नाही, म्हणून चिन्हांना पुस्तकात मोठी जागा दिलेली आहे. विश्रांतीनंतर उठताना पहिली काही पावलं आखडलेली पडणं. चालताना एक पुढचा पाय टेकतो तेव्हा डोकं वर झटकणं. तो दुखरा पाय असतो. बसताना एक मागचा पाय बाजूला फाकवणं. कालपर्यंत सहज ओलांडलेली नळी आज पुन्हा पुन्हा पडणं. शेवटच्या चिन्हाचा अर्थ लोक हटकून चुकीचा लावतात. कुत्रा आळशी झाला किंवा हट्टी झाला असं समजून आणखी चार वेळा करायला लावतात. लेखकाचा नियम सोपा आहे : सलग दोनदा नळी पडली की ती जमिनीवर ठेवायची, एकदा सोपं करून घ्यायचं आणि थांबायचं. दुसऱ्या दिवशीही तेच घडलं तर सराव बंद आणि पशुवैद्य. फोनवर बाजूने संथ गतीचा व्हिडिओ काढला, की डोळ्याला न दिसणारं आखडलेपण दिसतं. आठवड्याला एक असा व्हिडिओ जपून ठेवायची सवय लावावी.

काही प्रशिक्षक सहा महिन्यांनंतर कोपराच्या उंचीपर्यंत नळी नेतात. मऊ मैदान, जाणकार नजर आणि नियमित तपासणी असेल तर ते चुकीचं नाही. या पुस्तकाने सहा महिन्यांपर्यंत नळी जमिनीवर आणि पुढे पट्ट्या मिटेपर्यंत मनगटापाशी, अशी अधिक कडक रेषा धरली आहे. याचा वाचक एकटा, घरच्या जागेत, बहुधा थोड्या कठीण जमिनीवर शिकवणार आहे, हे त्यामागचं कारण. त्याच कारणाने उंच तिरकी चढण, झोका घेणारी फळी आणि दाट लावलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी पळणं, हे यात नाही. काठ्या आहेत त्या फक्त दोन रांगांत, मधे कुत्र्याच्या अंगापेक्षा रुंद मोकळी वाट ठेवून, आणि टोकांना रबरी टोपणं बसवून, म्हणजे डोळ्याला इजा होणार नाही.

तांबीची गोष्ट तिच्या दीड वर्षाच्या वयापाशी थांबते. तोवर पट्ट्या मिटल्या की नाही हे वयावरून धरून चालायचं नाही, क्ष-किरणाने पाहायचं. मनगट आणि गुडघा या दोन सांध्यांची चित्रं पुरतात. गावातल्या पशुवैद्याला ती वाचण्याबद्दल शंका असेल तर त्यांना दुसरं मत घ्यायला सांगावं. त्यासाठी सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. चित्र समाधानकारक असेल तरच नळी मनगटावरून निघेल, पंधरा दिवसांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, आधी कोपरापर्यंत. तिथे महिनाभर थांबायचं आणि प्रत्येक पायरीचा पहिला व्हिडिओ मागच्या पायरीच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहायचा. उतरण्याचा कोन अधिक उभा झाला असेल किंवा नळीच्या फार आधीच ती उडू लागली असेल, तर पुन्हा पाच सेंटिमीटर खाली यायचं.